एक्स गुणसूत्रावरचे दोन दोष, तीन भाऊ, आणि तिसरा दोन्हींतून सुटला. कसा?

मृण्मयी_के

आमच्या घरातलं एक कोडं आहे. जनुकशास्त्र कळणाऱ्यांनी मदत करावी.

आईचे वडील रंगांध होते. लाल-हिरव्याची गल्लत, तीही चांगलीच. सिग्नलचा रंग न बघता वरचा दिवा लागलाय की खालचा यावर गाडी चालवायचे. रक्त मात्र व्यवस्थित गोठायचं. आईच्या आईच्या बाजूने हिमोफिलिया आहे. आजीचा भाऊ त्यातच गेला, आणि मामालाही आहे, तीव्र प्रकारचा.

आम्ही चार भावंडं. मोठ्या भावाला मामासारखाच हिमोफिलिया आहे, रंग नीट दिसतात. मधला आजोबांसारखा रंगांध, त्याला रक्ताचा त्रास नाही. इथपर्यंत मला समजतं. आईच्या दोन एक्सपैकी एकाला एक मिळाला, दुसऱ्याला दुसरा. पण धाकट्याला दोन्हींतलं काहीच नाही! आईकडे फक्त दोनच एक्स होते ना? एकावर रंगांधता, दुसऱ्यावर हिमोफिलिया. मग धाकट्याला हा तिसरा, निर्दोष एक्स आला कुठून?

बारावीच्या पुस्तकात क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांची तुकड्यांची अदलाबदल, वाचलं होतं, पण ते फळमाश्यांचं होतं. आणि खरा स्वार्थ असा की मी चौथी. माझ्याकडे काय आलं असेल, हे मला जाणून घ्यायचंय.

---

तर्कटी

क्रॉसिंग ओव्हरला जोडीदार लागतो. एक्सचा जोडीदार वाय, आणि त्या दोघांत साम्य जवळपास नाहीच. त्यामुळे एक्सवर क्रॉसिंग ओव्हर होत नाही, तो जसाच्या तसा पुढे जातो. धाकट्याच्या बाबतीत नवीन उत्परिवर्तन होऊन जुना दोष दुरुस्त झाला असणार.

---

पेशीपुराण

तर्कटी, तुम्ही म्हणता ते बापाच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. पुरुषात एक्स आणि वाय फक्त टोकांच्या लहानशा पट्ट्यांत जुळतात, आणि अदलाबदल झालीच तर तिथेच होते. पण इथे प्रश्न आईचा आहे. आईकडे दोन एक्स आहेत, दोन्ही अख्खेच्या अख्खे एकमेकांशी जुळतात आणि इतर कुठल्याही गुणसूत्राच्या जोडीसारखे तुकडे बदलतात. तिच्या बीजांडात पोचणारा एक्स सहसा आजोबांचाही नसतो आणि आजीचाही नसतो. काही भाग याचा, काही तिचा, असा सांधलेला असतो. एका बीजांडातल्या एक्सवर असे सांधे सरासरी दीड ते दोन असतात.

उलट उत्परिवर्तन होऊन नेमका तोच दोष दुरुस्त होणं इतकं दुर्मीळ आहे की सांध्याची शक्यता तपासून झाल्याशिवाय तिकडे जाऊच नये.

मृण्मयीताई, उत्तर देण्याआधी एकच विचारतो. हिमोफिलिया कुठला? रक्त गोठवणारा कुठला घटक कमी आहे, फॅक्टर ८ की फॅक्टर ९? सगळं उत्तर त्यावर फिरतं.

---

अण्णा_नगरकर

माझा भाचा रेल्वेच्या मेडिकलमध्ये रंगदृष्टीत बाद झाला. लेखी पास, बाकी सगळं फिट, आणि ठिपक्यांच्या पुस्तकात आकडे दिसेनात. मला सगळे रंग दिसतात, आमच्या वडिलांना दिसायचे, मेव्हण्यांना दिसतात. म्हणजे हेही क्रॉसिंग ओव्हरनेच झालं का? बहीण स्वतःला दोष देत बसली आहे.

---

पेशीपुराण

अण्णा, त्याला क्रॉसिंग ओव्हरची गरज नाही. तुमच्या आईच्या दोन एक्सपैकी एकावर तो दोष असू शकतो. तुमच्या वाट्याला दुसरा आला, बहिणीला दोषाचा आला. तिच्याकडे वडिलांचा चांगला एक्सही असल्याने तिला काही जाणवलं नाही. तिच्याकडून तो भाच्याकडे गेला. मुलाला कुठला एक्स द्यायचा हे आईच्या हातात नसतं, एवढं बहिणीला नक्की सांगा.

---

मृण्मयी_के

फाइल काढून बघितली. दादाच्या रिपोर्टवर फॅक्टर ९ लिहिलंय, पातळी एक टक्क्याहून कमी. मामाचंही तेच. याने एवढा फरक का पडावा?

---

पेशीपुराण

कारण ही दोन वेगवेगळी जनुकं आहेत आणि एक्सवर वेगवेगळ्या जागी बसतात.

एक्सच्या लांब बाहूचं टोक डोळ्यासमोर आणा. लाल आणि हिरव्या रंगद्रव्यांची जनुकं अगदी टोकाशी एकमेकांना चिकटून आहेत. फॅक्टर ८ चं जनुक त्यांच्यापासून सुमारे सात लाख बेसजोड्यांवर, म्हणजे डीएनएच्या तितक्या अक्षरांवर आहे. ऐकायला लांब वाटतं, पण गुणसूत्राच्या हिशेबात ते शेजारघर. फॅक्टर ९ चं जनुक मात्र टोकापासून बरंच आत, रंगद्रव्यांपासून जवळजवळ दीड कोटी बेसजोड्या दूर.

तुटणं आणि सांधणं या दोन जनुकांच्या मधल्या जागेत झालं तरच ती एकमेकांपासून सुटतात. जागा जितकी मोठी तितकी संधी जास्त. स्त्रीच्या एक्सवर दर दहा लाख बेसजोड्यांमागे सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास बीजांडांत सांधा सापडतो. तुमच्याकडे फॅक्टर ८ असता तर धाकट्यासारखी केस शंभरात एकीपेक्षाही कमी वेळा दिसली असती, आणि मी आधी "रिपोर्ट नीट बघा" म्हटलं असतं. फॅक्टर ९ साठी त्याच सरासरीने सतरा-अठरा टक्के येतात. गुणसूत्राच्या टोकाकडे हा दर सरासरीहून जास्त असतो, म्हणून खरा आकडा त्याच्या वर धरावा. थोडक्यात, तुमचा धाकटा हा चमत्कार नाही.

त्याचा एक्स असा असणार. फॅक्टर ९ चा भाग आजोबांकडचा, म्हणून रक्त ठीक. मध्ये कुठेतरी सांधा. टोकाचा भाग आजीकडचा, म्हणून रंग ठीक.

---

तर्कटी

पण धाकट्याला खरंच काही नाही, हे कशावरून? "मला रंग दिसतात" असं अर्धे रंगांध म्हणतात. त्याला सौम्य दोष असेल तर तो सरळ आजोबांचा एक्स झाला. मग सांधा वगैरे काही लागत नाही.

---

पेशीपुराण

ही शंका रास्त आहे, तपासायलाच हवी. पण एक बघा. मधल्याला आणि धाकट्याला आजोबांचंच रंगद्रव्याचं जनुक मिळालं असेल, तर दोघांचा दोष एकाच प्रकारचा आणि साधारण एकाच तीव्रतेचा असायला हवा, कारण जनुकातला बिघाड तोच. मधला ठळकपणे चुकतो आणि धाकट्याचं मात्र सौम्य, हे बसत नाही. हिमोफिलियाचंही तसंच. मामा आणि दादा एक टक्क्याच्या खाली आहेत, तर त्याच बिघाडाचा तिसरा माणूस लपून राहणार नाही. सायकलवरून पडला त्या दिवशीच कळलं असतं.

तरी इशिहारा चाचणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, चांगल्या उजेडात, छापील पुस्तकावर करून घ्यावी. मोबाइलच्या पडद्यावरची नको. पडद्याचे रंग भरवशाचे नसतात.

---

खडूफळा

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून इथे डोकावले. मुलं वर्गात दरवर्षी एक प्रश्न विचारतात, तो इथेही येणारच. दोन जनुकं गुणसूत्राच्या दोन टोकांना असतील आणि मध्ये अदलाबदल हमखास होत असेल, तर शंभर टक्के बीजांडांत ती सुटी व्हायला हवीत. मग पन्नासच्या वर आकडा का जात नाही?

मी फळ्यावर चार रेघा काढते. अदलाबदल होते तेव्हा प्रत्येक गुणसूत्राची प्रत आधीच तयार असते. म्हणजे आजोबांच्या एक्सच्या दोन रेघा आणि आजीच्या एक्सच्या दोन. एका जागच्या अदलाबदलीत या चारांपैकी दोनच भाग घेतात, एक इकडची आणि एक तिकडची. उरलेल्या दोन जशाच्या तशा राहतात. अदलाबदल शंभर टक्के पेशींत झाली तरी बदललेल्या रेघा निम्म्याच.

मग कुणीतरी हुशार हात वर करतो, "मॅडम, दोन ठिकाणी झाली तर?" दुसऱ्या वेळी पुन्हा त्याच दोन रेघा आल्या तर टोकाची जनुकं परत मूळ जोडीत येतात, म्हणजे सुटी झालेली शून्य. एक जुनी आणि एक नवी आली तर चारांत दोन. दोन्ही नव्या आल्या तर चारही. यांचं प्रमाण एक, दोन, एक असं पडतं. सरासरी पुन्हा निम्मीच. तीन ठिकाणी, चार ठिकाणी करून बघा, पन्नास काही ओलांडत नाही.

---

तर्कटी

हे आवडलं. पण मग एका घरातल्या तीन भावांवरून अंतर वगैरे काढणं म्हणजे गंमतच. तीनांत एक सुटा, म्हणजे तेहतीस टक्के का?

---

पेशीपुराण

नाही, आणि तसं मी म्हटलंही नाही. अंतर आपल्याला आधीच ठाऊक आहे, त्यावरून मी फक्त "हे नवल नाही" एवढंच म्हणतो. उलट दिशेने जायला पुष्कळ घराणी लागतात, आणि तिथे काय घोटाळा होऊ शकतो याचं नमुनेदार उदाहरण नेमकं याच दोन दोषांचं आहे.

१९३७ साली ज्युलिया बेल आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी इंग्लंडमध्ये हेच केलं. ज्या घराण्यांत रंगांधता आणि हिमोफिलिया दोन्ही आहेत अशी थोडी घराणी गोळा केली आणि किती मुलांत जोडी सुटली ते मोजलं. अंदाज पाच टक्क्यांच्या आसपास आला. माणसाच्या दोन जनुकांमधलं अंतर मोजण्याचा हा पहिला धड प्रयत्न. १९४७ मध्ये हाल्डेन आणि स्मिथ यांनी जास्त घराणी घेऊन पुन्हा मोजलं, तर आकडा दहाच्या जवळ गेला. गणितात चूक नव्हती. चूक गणिताच्या आधीची होती. तेव्हा हिमोफिलिया एकच आजार समजला जायचा. १९५२ मध्ये लक्षात आलं की काही रोग्यांत बिघडलेला घटक वेगळाच आहे, ज्याला आपण आज फॅक्टर ९ म्हणतो. म्हणजे त्या घराण्यांत दोन प्रकार मिसळलेले असू शकतात. एकात जोडी जवळपास सुटतच नाही, दुसऱ्यात भरपूर सुटते. दोन्हींची सरासरी काढली की मधलाच एक आकडा येतो, जो कुणाचाच नसतो. म्हणून मी मृण्मयीताईंना आधी तो प्रश्न विचारला.

अवांतर: हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

---

अनिवासी_चिंतू

वाचतोय, मजा येतेय. पण ही अदलाबदल नेमकी होते कशी? कात्री कुठे लावायची हे पेशीला कसं कळतं? एक अक्षर इकडेतिकडे झालं तर जनुकच मोडेल की!

---

पेशीपुराण

कात्री लावणारं प्रथिन आहे, त्याचं नाव स्पो-११. ते डीएनएच्या दोन्ही धाग्यांचा मुद्दाम तुकडा पाडतं, एका पेशीत शेकडो ठिकाणी. एरवी अशी तूट म्हणजे संकट, पण इथे पेशी ती स्वतः घडवून आणते. तुटलेल्या टोकांचा एक धागा कुरतडला जातो आणि दुसरा सुटा लोंबत राहतो. राड-५१ आणि डीएमसी-१ नावाची प्रथिनं त्याला गुंडाळतात, आणि तो आपल्यासारखाच अक्षरक्रम जोडीदार गुणसूत्रावर शोधत फिरतो. सापडला की तिथल्या दुहेरी धाग्यात शिरतो, आणि समोरचा मजकूर नमुना म्हणून वापरून तूट भरली जाते.

म्हणजे तुटीची जागा चुकली तरी अक्षर इकडेतिकडे होत नाही, कारण सांधा मजकूर जुळवूनच घातला जातो. जागा अगदी मनमानीही नसतात. माणसात पीआरडीएम-९ नावाचं प्रथिन विशिष्ट अक्षरक्रम ओळखून खुणा करतं आणि बहुतेक तुटी त्या खुणांपाशी पडतात.

यातली खोच अशी की बहुतेक तुटी अदलाबदल न होताच मिटतात. समोरून छोटासा तुकडा नकलून घेतला, धागा परत आपल्या जागी गेला, काम संपलं. फार थोड्या ठिकाणी दोन्ही गुणसूत्रं अशी गुंततात की सोडवताना पुढचा सगळा भाग आलटापालट होतो. एमएलएच-१ आणि एमएलएच-३ ही जोडगोळी त्या ठिकाणी काम करते. सगळी गुणसूत्रं मिळून एका बीजांडात अशा अदलाबदली सरासरी चाळीसच्या आसपास पोचतात, शुक्राणूत पंचविसाच्या जरा वर.

---

खडूफळा

चिंतू, आणखी एक सांगते, कारण मुलांना हे ऐकून दरवेळी धक्का बसतो. मृण्मयीच्या धाकट्या भावाचा तो सांधा आईच्या गरोदरपणात पडलेला नाही. मुलीच्या बीजांडांत ही अदलाबदल ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच होते, आणि मग ती बीजांडं त्या अवस्थेत वर्षानुवर्षं थांबून राहतात. म्हणजे धाकट्याचं रक्त आणि रंग दोन्ही ठीक असणार, हे जुळलं तेव्हा त्याची आई जन्मायची होती.

---

अनिवासी_चिंतू

बाप रे. बरं, धागा जोडीदारावर "आपल्यासारखाच मजकूर" शोधतो म्हणालात. जवळपास तसाच दुसरा मजकूर शेजारीच असेल तर? फसेल की तो.

---

पेशीपुराण

फसतो! आणि मृण्मयीताईंच्या आजोबांची रंगांधता बहुधा त्याच फसगतीतून कुठल्यातरी पिढीत जन्मली असणार.

लाल आणि हिरव्या रंगद्रव्यांची जनुकं एकमेकांची नक्कल असल्यासारखी आहेत, मजकूर सुमारे ९८ टक्के सारखा. आधी लाल, त्याला लागून हिरवं, आणि पुष्कळ लोकांत त्यामागे हिरव्याच्या आणखी प्रती. जेरेमी नेथन्स यांनी १९८६ मध्ये ही जनुकं वेगळी काढून वाचली, तीही स्वतःच्याच डीएनएतून. आता आईचे दोन एक्स शेजारी आले आणि सदऱ्याचं बटण एक काजं सोडून लागावं तसं एकाचं हिरवं दुसऱ्याच्या लालसमोर आलं, तर मजकूर इतका सारखा आहे की सांधा घालणाऱ्या यंत्रणेला काही खटकत नाही. अदलाबदल झाली की एका एक्सवर नुसतं लाल उरतं, हिरवं गायब. दुसऱ्यावर हिरवी जास्तीची. पहिला एक्स ज्या मुलाला मिळेल त्याला हिरवं रंगद्रव्य तयारच करता येत नाही. सांधा जनुकाच्या पोटात पडला तर अर्धं लाल, अर्धं हिरवं असं संकरित जनुक तयार होतं, आणि ते कुठे जोडलं गेलं यावर दोष सौम्य की ठळक हे ठरतं.

लाल-हिरव्याची रंगांधता एवढी सर्रास का, याचं कारण हेच. युरोपीय वंशाच्या पुरुषांत ती आठ टक्क्यांच्या आसपास आहे. फॅक्टर ९ च्या शेजारी अशी जुळी प्रत नाही. तिथला बिघाड सहसा एखाद्या अक्षराच्या चुकीतून येतो, आणि तो आजार त्यामानाने फारच विरळ.

---

अण्णा_नगरकर

म्हणजे भाच्याला हिरवं जनुकच नसेल, तर औषध, थेंब, व्यायाम यांनी काही होणार नाही? इथे एक जण खात्रीने बरं करतो म्हणतोय.

---

पेशीपुराण

नाही होणार, अण्णा. जे जनुक नाही ते थेंबांनी येत नाही. पैसे देऊ नका. रंगीत काचांचे चष्मे काही छटांमधला फरक ठळक करतात, पण त्याने दृष्टी सुधारत नाही, आणि मेडिकलला ते चालतील असं समजू नका. रंगदृष्टीची अट कमी असलेल्या जागा असतात, त्यांची जाहिरात नीट वाचून अर्ज करायला सांगा.

---

मृण्मयी_के

सगळ्यांचे आभार. आता माझ्यापुरतं. मला रंग दिसतात, पाळी वगैरे नेहमीसारखी, जखमा भरतात. म्हणजे मी सुटले असं धरू का? लग्न ठरतंय, म्हणून विचारते.

---

पेशीपुराण

तसं धरू नका. तुमच्याकडे वडिलांचा चांगला एक्स आहे, तो आईकडून आलेल्या एक्सचा दोष झाकून टाकेल. आईकडून काय आलं हे तब्येतीवरून कळत नाही.

समजा या दोन जागा पंचवीस टक्के वेळा सुट्या होतात. आकडा सोयीसाठी घेतोय. मग आईच्या शंभर बीजांडांत पंचाहत्तर जुन्या जोडीची, म्हणजे साडेसदतीसांत फक्त हिमोफिलिया आणि साडेसदतीसांत फक्त रंगांधता. उरलेल्या पंचविसांपैकी निम्मी धाकट्यासारखी, दोन्हींतून मोकळी. आणि निम्म्यांत दोन्ही दोष एकाच एक्सवर. त्याच सांध्याचा दुसरा अर्धा भाग कुठेतरी जाणारच ना! आईमध्ये हे दोष समोरासमोरच्या गुणसूत्रांवर होते, म्हणून एकाच मुलाला दोन्ही मिळणं अवघड होतं. तुमच्याकडे तो सांधलेला एक्स आला असेल तर दोन्ही एकत्र पुढे जाऊ शकतात. शक्यता आठात एक. पण नुसत्या हिमोफिलियाचा विचार केला तर सांधा कुठेही पडो, तुमच्याकडे तो असण्याची शक्यता निम्मी आहे.

करायचं ते असं. दादाचं फॅक्टर ९ चं जनुक वाचून नेमका बिघाड कुठला ते शोधायचं, मग तुमच्या रक्तात तोच एक बिघाड आहे का बघायचं. फॅक्टरची पातळी मोजून समाधान मानू नका. वाहक बाईची पातळी कधी कमी, कधी अगदी सामान्य येते, कारण प्रत्येक पेशीत दोनांपैकी एकच एक्स चालू असतो आणि यकृतात कुठला किती चालू राहिला हा नशिबाचा भाग. पूर्वी बिघाड थेट वाचता यायचा नाही, तेव्हा जनुकाच्या आसपासची खूण घरात कुणाकुणाकडे गेली ते बघून वाहक ठरवत. खूण जरा लांब असली की मध्ये सांधा पडून निदान उलटं व्हायचं. आता जनुकच वाचता येत असताना त्या भानगडीत पडू नका. जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या, दादाचा रिपोर्ट सोबत न्या.

---

तर्कटी

आणि धाकट्याचा सांधा नेमका कुठे पडला हे काढता येईल का? दीड कोटी बेसजोड्यांत?

---

पेशीपुराण

येईल. मामा, तिन्ही भाऊ आणि आई यांच्या डीएनएतल्या त्या पट्ट्यातल्या खुणा वाचायच्या. पुरुषांकडे एकच एक्स, त्यामुळे कुठली खूण कुठल्या रांगेतली हे उघड दिसतं. मोठा आणि मधला जिथे वेगळे, तिथे धाकटा आधी मधल्यासारखा आणि मग मोठ्यासारखा होईल. ती जागा म्हणजे सांधा. अर्थात मोठ्याच्या किंवा मधल्याच्या एक्सवरही त्या पट्ट्यात दोन सांधे पडलेले असू शकतात. मामाचे नमुने नसतील तर ते वेगळं करता येणार नाही. निदानाला याचा उपयोग शून्य, निव्वळ कुतूहल.

---

मृण्मयी_के

समुपदेशकांची वेळ मिळाली, दादा येतोय. मधल्याने इशिहारा केली, अपेक्षेप्रमाणे नापास. धाकट्याला विचारलं, तर म्हणाला, "मला काही झालेलं नाही, मी कशाला सुई टोचून घेऊ?" मामाने हात पुढे केलाय, पण निव्वळ कुतूहलासाठी त्याला सुई कशाला, म्हणून त्याला मीच नको म्हटलं.